पेटी कॅशचा डब्बा आणि खर्चाची बिलं: नोव्हेंबर २०२५ च्या नोंदी

३ नोव्हेंबर, सोमवार

आमची शेतकरी कंपनी लहान, ऑफिसात माणसं चार. सीईओ सर, मी अकाउंटला, एक फिल्ड कोऑर्डिनेटर भाऊ आणि काका, जे शिपाई बी आहेत अन् डब्ब्याचे मालक बी. डब्बा म्हणजे बिस्किटाचा जुना पत्र्याचा डब्बा, त्याला कोणीतरी कडी बसवून कुलूप लावलं. चाव्या दोन, एक काकाच्या करदोड्याले अन् दुसरी कॅलेंडरमागच्या खिळ्याला, जी गावातल्या अर्ध्या लोकांना माहीत आहे.

डब्ब्याचा हिशेब लायनीवर आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं ऑडिटमुळे. यवतमाळच्या सीए साहेबांनी टॅलीत मे महिन्याचं कॅश बुक उघडलं अन् एका दिवशी शिल्लक उणे १,२६० दाखवत होती. ते म्हणाले, डब्ब्यात उणे नोटा असतात का हो तुमच्याकडे? मला आधी हसू आलं, मग घाम. रोख शिल्लक कधीच उणे जाऊ शकत नाही, गेली म्हणजे एकतर पैसे आलेले उशिरा लिहिले किंवा कोणीतरी स्वतःच्या खिशातून खर्च केला अन् तो डब्ब्यातून गेला असं लिहिलं. आमच्याकडे दुसरं झालं होतं, सरांनी बियाण्याच्या गाडीचं भाडं स्वतः दिलं अन् व्हाउचर त्याच दिवशीचं फाडलं, पैसे घेतले चार दिवसांनी. चोरी नाही काही, पण वहीवर विश्वास कसा ठेवायचा. चेअरमनभाऊंनी सांगितलं, या महिन्यात हे लायनीवर आणा.

तर आज पहिलं काम, मोजणी. काकाला समोर बसवूनच मोजलं, एकट्यानं डब्बा मोजायचाच नाही, नाहीतर कमी निघाले तर कोणाच्या हातून कमी झाले हे भांडण. ५०० च्या ४, २०० च्या २, १०० च्या ५, ५० च्या ३, २० च्या ३, दहाच्या २ अन् १० रुपये चिल्लर. एकूण ३,१४०. वहीत शिल्लक ३,६१५. म्हणजे ४७५ कमी.

काकाचं तोंड उतरलं. "ताई, हे माह्यावर येईन का आता?" म्हटलं काका थांबा, आधी शोधू.

डब्ब्याच्या तळाशी एक सिगरेटच्या पाकिटाचा तुकडा निघाला, त्यावर लिहिलेलं 'भाऊ ३०० देल्ले'. फिल्डवाल्या भाऊनं दिवाळीच्या आधी उचल घेतली होती, व्हाउचर नाही, सही नाही. मग काकाला आठवलं की बँकेचे साहेब आले तेव्हा चहा-भजे आणले ८५ चे, ते लिहायचे राहिले. राहिले ९०. आता ९० हा आकडा ९ ने भागला जातो, अन् असं झालं की मी आधी उलटे लिहिलेले आकडे शोधते, कारण दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नेहमी ९ च्या पटीतच येतो. व्हाउचर चाळले तर टोनर रिफिल, दुकानदाराच्या बिलावर ५४०, वहीत ४५०. सापडलं. पण ही युक्ती शेवटच्या उरलेल्या फरकावरच चालते. ४७५ वर लावली असती तर काहीच मिळालं नसतं, अन् नऊनं भाग गेला म्हणून अदलाबदलच असेल असंही नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सीए साहेबांशी फोनवर अर्धा तास. त्यांनी इम्प्रेस्ट पद्धत लावायला सांगितली. नाव भारी आहे पण गोष्ट सोपी. एक रक्कम ठरवायची, ती कधी बदलायची नाही, अन् कोणत्याही क्षणी डब्बा उघडला तर नोटा अधिक व्हाउचर मिळून तेवढीच बेरीज यायला पाहिजे.

आतापर्यंत आम्ही काय करत होतो, डब्बा रिकामा दिसला की सर म्हणायचे पाच हजार काढ, कधी तीन, कधी आठ. त्यामुळे डब्ब्यात किती असायला पाहिजे हे फक्त वहीच सांगायची, अन् वही दहा दिवस मागे. तुलना करायला दुसरं काही नाहीच.

रक्कम किती ठेवायची यावर आज डोकं लावलं. ऑगस्टचा रोख खर्च ११,२००, सप्टेंबर ९,७००, ऑक्टोबर १७,९००. ऑक्टोबर फुगला तो सोयाबीनच्या हमालीनं. हमाली डब्ब्यातून द्यायचीच नाही असं ठरवलं, मुकादमाच्या खात्यावर टाकायची, कारण डब्बा हा चहा, झेरॉक्स, कुरिअर, ऑटो, दिवाबत्ती यासाठी. हमाली काढली की आठवड्याला अडीच हजाराच्या आसपास जातं. दोन आठवड्याला एकदा भरायचा म्हणून ६,००० पक्के. जास्त ठेवले तर डब्ब्यातून नको ते खर्च व्हायला लागतात अन् रात्री ऑफिसात पैसे पडून राहतात, कमी ठेवले तर काका पुन्हा कोणाच्या तरी खिशातून उधार घेतील अन् तीच उणे शिल्लक परत येईन.

जुने जेवढे होते ते सगळे बँकेत भरले अन् एकाच चेकनं नवे ६,००० काढले, म्हणजे जुन्याचा नव्यात घोळ नको.

सरांशी थोडी वाजली. मी म्हटलं डब्बा भरताना जेवढ्याची व्हाउचर तेवढाच चेक. समजा पंधरा दिवसात ४,७८० ची व्हाउचर झाली, डब्ब्यात १,२२० उरले, तर चेक ४,७८० चाच. सर म्हणाले, "अवं राउंड पाच हजार काढ ना, कायले डोकं खाते." म्हटलं सर, राउंड काढले की डब्ब्यात ६,२२० होतील, पुढच्या वेळी अजून काही, अन् दोन महिन्यात आपण पुन्हा मे महिन्यात. चेकची रक्कम अन् व्हाउचरची बेरीज एक असली की चेकच्या मागं गठ्ठा लावून सही करणाऱ्याला एका नजरेत कळतं. मानले शेवटी, पण कपाळाला आठ्या पाडून.

दुसरी चावी मी सीलबंद पाकिटात चेअरमनभाऊंकडे दिली, पाकिटावर त्यांची सही. खिळा तसाच आहे, आता त्यावर काकाची टोपी असते.

१० नोव्हेंबर, सोमवार

पावत्यांचा दिवस. शहरातल्या लोकांना वाटतं बिल नाही तर पैसे नाही, असा नियम केला की झालं. इथं टपरीवाला बिल देत नाही, ऑटोवाला देत नाही, बैलगाडीवाला तर हसेल. असा नियम केला की लोक खोटी बिलं आणतात, हे मी आधीच्या एका ऑफिसात पाहिलं. स्टेशनरीच्या दुकानात कोरं बिलबुक मिळते, तिथं बसून एकाच हस्ताक्षरात चार हॉटेलांची बिलं लिहिली जात. अक्षर एक, पेनची शाई एक अन् बिल नंबर ओळीनं, म्हणजे त्या हॉटेलात महिनाभर दुसरं गिऱ्हाईकच आलं नाही म्हणायचं.

म्हणून आपला नियम असा केला की २०० पर्यंत बिल नसलं तरी चालेल, पण व्हाउचरवर पैसे घेणाऱ्याचं नाव, सही किंवा अंगठा, अन् कशासाठी ते पूर्ण वाक्यात. 'किरकोळ' हा शब्द बंद. मागच्या व्हाउचरमध्ये 'किरकोळ खर्च' असं २३ वेळा होतं, मी मोजले. 'चहा' एवढंही चालणार नाही, कोणासाठी ते लिहायचं. काका म्हणाले, "ताई, चहा पेल्यावर कोणाले नाव इचारू?" म्हटलं नाव नको, 'तूर खरेदी बैठक, ८ जण' एवढं लिहा, आठ जणांचे २५ चहा दिसले की मी विचारीन.

२०० च्या वर बिल पाहिजेच. अन् पंपाच्या, मॉलच्या ज्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या असतात त्यांचा वेगळा त्रास. तो कागद उष्णतेनं काळा होणारा असतो, शाई नसतेच त्यात, म्हणून उन्हात, गरम खोलीत किंवा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला की अक्षरं उडतात. आमचं ऑफिस टिनाचं, एप्रिल-मेच्या पावत्या ऑडिटला काढल्या तर कोरे पांढरे तुकडे, फक्त स्टेपलची पिन खरी. आता आली की त्याच दिवशी झेरॉक्स, झेरॉक्सवर मूळ पावती चिटकवायची, अन् रक्कम, तारीख, पंपाचं नाव व्हाउचरवर पेनानं.

एक जुनं व्हाउचर पण हाती लागलं, हमालीचे ५,६०० रोख दिलेले, मुकादमाची सही आहे पण रेव्हेन्यू तिकीट नाही. ५,००० च्या वर रोख घेतल्याची पावती असेल तर १ रुपयाचं तिकीट लावून त्यावर आडवी सही घ्यायची असते. तिकिटाचं एक पान पोस्टातून आणून ठेवलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मंजुरीचं. आज कपाटात व्हाउचरचं एक पॅड सापडलं ज्यात १२ कोऱ्या व्हाउचरवर चेअरमनभाऊंची सही आधीच केलेली. रक्कम नाही, नाव नाही, नुसती सही. विचारलं तर चेअरमनभाऊ म्हणाले, मी दिवसभर वावरात, रेंज नाही, ऑफिसचं काम अडू नये म्हणून देल्ल्या सह्या. माणूस भला आहे, पण ही मंजुरी नाही, हा कोरा चेक आहे. त्यांच्यासमोरच बारा व्हाउचरवर आडव्या दोन रेघा मारून 'रद्द' लिहिलं. फाडली नाहीत, कारण नंबर छापलेले आहेत अन् मधला नंबर गायब दिसला की ऑडिटर तोच शोधत बसतो.

मग मर्यादा ठरवल्या. ५०० पर्यंत काकानं खर्च करावा, त्याच दिवशी संध्याकाळी सरांची सही. ५०० ते २,००० सरांची मंजुरी खर्चाच्या आधी. त्याच्या वर चेअरमनभाऊ, अन् ते बी डब्ब्यातून नाही, बँकेतून. वावरात असले तर व्हॉट्सॲपवर मी व्हाउचर नंबर, रक्कम, कारण पाठवते, ते 'हो' लिहितात. पण नुसतं 'हो' किंवा अंगठ्याचं चित्र चालणार नाही, रक्कम परत लिहायची, 'हो २८००' असं, नाहीतर खालीवर झालेल्या मेसेजमध्ये कोणत्या खर्चाला होकार होता तेच कळत नाही. सोमवारी ऑफिसात आले की व्हाउचरवर खरी सही.

स्वतःच्या खर्चावर स्वतःची सही नाही. सरांचं प्रवासाचं बिल चेअरमनभाऊ पाहतील, चेअरमनभाऊंचं दुसरे एक संचालक. माझं सर. सरांना हे जरा टोचलं. मी त्यांना सांगितलं की यानं तुमचंच संरक्षण आहे, उद्या सभेत कोणी उठून विचारलं तर दाखवायला दुसऱ्याची सही आहे.

तुकडे पाडायचा प्रकारही बोललो. सप्टेंबरमध्ये फॅन अन् वायरिंगचे १,९०० गेले, ते ९५० अन् ९५० अशा दोन व्हाउचरवर, एकच तारीख, एकच दुकान, लागोपाठ नंबर. तेव्हा सरांची तोंडी मर्यादा हजाराची होती म्हणून. ओळखायला सोपं आहे, मर्यादेच्या जरा खाली असलेले आकडे एका दिवसात जोडीनं दिसले की समजायचं. अन् मोठ्या रकमेत तर तुकडे पाडून उपयोगच नाही, कारण इन्कम टॅक्सच्या कायद्यात एका माणसाला एका दिवसात रोख दिलेले सगळे मिळून १०,००० च्या वर गेले की तो खर्च नामंजूर होतो (गाडीभाड्यासाठी ट्रान्सपोर्टवाल्याला ३५,०००). तिथं व्हाउचर किती केले हे कोणी पाहत नाही, दिवसाची बेरीज पाहतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे सापडलं त्यानं झोपच उडाली, कारण चूक माझी पण आहे.

फिल्डवाल्या भाऊचं ऑक्टोबरचं खर्चाचं बिल मी मागच्या महिनाअखेरीस पास करून त्याच्या खात्यावर टाकलं होतं. त्यात ३८६ किलोमीटर, ५ रुपये दरानं १,९३०, अन् खाली फ्लेक्सचे ६४०, त्याला यूपीआयचा स्क्रीनशॉट जोडलेला. आता डब्ब्याची जुनी व्हाउचर अन् स्टाफची बिलं मी पहिल्यांदाच एका एक्सेल शीटमध्ये घेतली, आतापर्यंत दोन वेगळ्या फाईली, एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या. अन् ६४० दोनदा दिसले. एक डब्ब्यातून १५ ऑक्टोबरला, फ्लेक्सचं पक्कं बिल जोडून. दुसरं स्टाफच्या बिलात १४ ऑक्टोबरला, स्क्रीनशॉट जोडून. दुकान तेच.

भाऊला बोलावलं. तो बिचारा पांढरा पडला. त्यानं १४ ला फोनवरून पैसे दिले, दुसऱ्या दिवशी बिल ऑफिसात देऊन काकाकडून रोख घेतले, अन् महिनाअखेरीस बिल बनवताना फोनची हिस्ट्री वर सरकवत गेला अन् ऑफिसचं जे जे दिसलं त्याचा स्क्रीनशॉट काढला. "म्या मुद्दाम नाई केलं ताई, देवाशप्पथ." मला पटलं त्याचं. पण मुद्दाम करणाऱ्याचेही कागद हुबेहूब असेच दिसतील, म्हणून कोण कसा आहे यावर सोडून चालत नाही.

मग अजून खोदलं तर २१ ऑक्टोबरला डब्ब्यातून पेट्रोलचे ७०० गेलेले, त्याच्याच गाडीत. तो म्हणे ते तालुक्याच्या मिटिंगसाठी दिले होते. पण तीच मिटिंग त्याच्या ३८६ किलोमीटरमध्ये पण आहे, अन् किलोमीटरच्या ५ रुपयांत पेट्रोल, गाडीची झीज, सगळंच धरलेलं आहे. हे त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं, त्याला वाटायचं किलोमीटरचे पैसे म्हणजे भत्ता, पेट्रोल वेगळं. एकूण १,३४० जास्त गेले. नोव्हेंबरच्या बिलातून निम्मे, डिसेंबरच्या बिलातून निम्मे कापायचे असं त्याच्याशी बोलून लिहून घेतलं, दोघांच्या सह्या.

आता पुढं. एक, यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नाही. तो सांगतो की पैसे गेले, काय घेतलं ते सांगत नाही. बिल अन् स्क्रीनशॉट दोन्ही एकाच पिनेत. दोन, स्क्रीनशॉटवरचा १२ आकडी यूटीआर नंबर शीटच्या वेगळ्या कॉलममध्ये, तो कॉलम आधी टेक्स्ट करून ठेवायचा नाहीतर एक्सेल त्याला 4.12E+11 असं काहीतरी करून टाकतं. यूटीआर दोनदा आला की तिथंच सापडलं. पण आमच्या केसमध्ये त्यानं काहीच पकडलं नसतं, कारण डब्ब्याच्या व्हाउचरवर यूटीआर नव्हताच, अन् तारखा पण एक दिवसानं वेगळ्या. म्हणून तिसरं, तारखेत तीन दिवस मागंपुढं अन् रक्कम सारखी असेल तर दाखव, असा फॉर्म्युला टाकला. B मध्ये तारीख, C मध्ये रक्कम:

```
=COUNTIFS(C:C,C2,B:B,">="&B2-3,B:B,"<="&B2+3)
```

उत्तर १ पेक्षा जास्त आलं की त्या ओळी काढून कागद पाहायचे. रोजच्या ६० रुपयांच्या चहावर हा सारखा ओरडतो, म्हणून मी २०० च्या वरच्याच ओळी फिल्टर करते. अन् कोणी ६४० चे ६५० करून लावले तर हा गप्प बसेल, तिथं दुकानाच्या नावावरूनच शोधावं लागेल.

चौथं म्हणजे शिक्का. 'रक्कम अदा केली' अन् खाली तारखेला जागा, असा रबरी शिक्का तालुक्याहून करून आणायला सांगितला. तो व्हाउचरवर नाही मारायचा, बिलावर मारायचा, रकमेवर आडवा. व्हाउचर आपलं, ते नवीन कितीही बनतात. बिल एकच असतं, त्याच्यावर शिक्का बसला की ते दुसऱ्या व्हाउचरला लागत नाही. अन् झेरॉक्सवर पैसे द्यायचेच नाहीत, कारण ज्याच्याकडे झेरॉक्स आहे त्याचं मूळ बिल बहुतेक कुठंतरी आधीच लागलेलं असतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पहिल्यांदा डब्बा भरला. व्हाउचर ३१, बेरीज ४,७३५, नोटा १,२६५. बरोबर ६,०००. चेक ४,७३५ चा. सरांनी गठ्ठा पाहून सही केली, राउंडचं नावही काढलं नाही. एक व्हाउचर परत पाठवलं, कुरिअरचं, पावती नव्हती, कुरिअरवाल्याकडून दुसरी काढून आणली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

अचानक मोजणी. ही मी नाही केली, मीच वही लिहिते तर मीच मोजून काय उपयोग. चार माणसांत कामं पूर्ण वेगळी करता येत नाहीत, काका पैसे सांभाळतात, मी लिहिते, सर सही करतात, एवढंच होते. म्हणून मोजायला बाहेरचा पाहिजे. ते दुसरे संचालक बाजाराला आले होते, दुपारी तीनला चपला बाहेर काढून थेट काकासमोर बसले, "खोला डब्बा."

व्हाउचर १,३६५ ची. नोटा ४,६५५. बेरीज ६,०२०. वीस रुपये जास्त.

संचालक खूश, म्हणे कमी तर नाही ना. मला मात्र जास्तीचे पैसे जास्त खुपतात. कमी पडले तर निदान चूक झाली असं तरी लोक मानतात, जास्त निघाले तर कोणी विचारत नाही. कोणाला तरी कमी दिले असतील अन् व्हाउचर पूर्ण रकमेचं असेल, किंवा बाहेरचे पैसे आत आले असतील. सगळी व्हाउचर परत काढली. ऑटोवाला, झेरॉक्स, पाण्याचे जार, सगळं बरोबर. अर्धा तास गेला. काका काहीच बोलत नव्हते अन् टोपी हातात घेऊन फिरवत होते.

मग म्हणाले, "ताई, काल संध्याकाळी मोजले तं वीस कमी भरले. वाटलं आता पुन्हा माह्यावर येते, म्हणून माह्ये वीस टाकून देल्ले."

अन् कमी नव्हतेच. वीसच्या दोन नव्या नोटा एकमेकींना चिकटून होत्या, काकानं त्या एक म्हणून मोजल्या. आज संचालकांनी थुंकी लावून मोजल्या तेव्हा सुट्या झाल्या.

काकाला सांगितलं, पुढं कमी भरले तर भरले, तसंच लिहायचं, ५० पर्यंत फरक 'रोख कमी-जास्त' खात्यात टाकू, त्यासाठी कोणी तुम्हाला बोलणार नाही, पण खिशातून टाकायचे नाहीत. खिशातून टाकले की मोजणी बरोबर येते अन् चूक कुठं होते ते कधीच कळत नाही. मोजणीच्या कागदावर लिहिलं, '२० जास्त, डब्बा सांभाळणाऱ्याचे स्वतःचे, परत दिले', खाली तिघांच्या सह्या.

काकानं वीसची नोट खिशात घातली. सर केबिनमधून बाहेर आले, कागद वाचला अन् म्हणाले, "अन् याचं बिल कुठं हाये?"